ठीक आहे, घाई नाही

जर-तर ताईंचं काम काय, हे सांगितलं की लोक आधी हसतात. मग विचारतात, "म्हणजे नक्की काय करतात त्या?"

त्या प्रश्न लिहितात. शाळेसाठी नाहीत, नोकरीला अर्ज करणाऱ्यांसाठी. त्यांच्या प्रत्येक प्रश्नात एक प्रसंग असतो. गिऱ्हाईक ओरडतंय, दुसरा फोन वाजतोय आणि वरिष्ठ नेमके जागेवर नाहीत. खाली चार पर्याय. उमेदवाराने प्रत्येक पर्यायाला एक ते पाच गुण द्यायचे. एक म्हणजे अगदी चूक, पाच म्हणजे अगदी योग्य. जर असं झालं, तर तुम्ही काय कराल? म्हणून जर-तर ताई. हे नाव ऑफिसातल्या हिशेबनीसाने ठेवलं आणि ते घरापर्यंत गेलं. नवरासुद्धा कधीकधी हाक मारतो, "अहो जर-तर, चहा झाला तर मिळेल का?"

ऑफिस म्हणजे टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर तीन टेबलं. खाली हवा भरण्याचं मशीन सुरू झालं की वर बोलणं थांबवावं लागतं. ताई आधी एका कुरियर कंपनीच्या काउंटरवर होत्या. दिवसभर लोकांच्या शिव्या खायच्या आणि पावत्या फाडायच्या. तिथेच त्यांच्या लक्षात आलं, की मुलाखतीत घडाघडा बोलणारी माणसं काउंटरवर पहिल्याच आठवड्यात गळपटतात, आणि मुलाखतीत घामाघूम झालेली एखादी मुलगी दहा वर्षं टिकते. मग माणूस ओळखायचा तरी कसा? हा प्रश्न त्यांना चावला आणि त्यांनी सोडला नाही.

त्यांचे काही नियम आहेत. पहिला, पर्यायांत एकही मूर्ख पर्याय नको. "मूर्ख पर्याय लिहिणं म्हणजे लिहिणाऱ्याचा आळस," असं त्या म्हणतात. चारही गोष्टी कुणीतरी, कधीतरी, खरोखर केलेल्या असाव्यात. दुसरा, प्रसंग घरी बसून रचायचा नाही. जिथे काम चालतं तिथे जायचं, काम करणाऱ्याला विचारायचं. काय झालं होतं? त्या आधी काय घडलं? तुम्ही काय केलंत? त्याचं पुढे काय झालं? आणि तिसरा, योग्य-अयोग्य आपण ठरवायचं नाही. त्या कामात मुरलेली आठ-दहा माणसं निवडायची. त्यांनी एकमेकांशी न बोलता, एकेकट्याने गुण द्यायचे. सगळ्यांचे गुण एकमेकांच्या जवळ आले तर पर्याय ठेवायचा आणि त्यांची सरासरी हीच त्याची किंमत. उमेदवार त्या सरासरीच्या जितका जवळ, तितके त्याला गुण. माणसं विखुरली तर पर्याय फेकून द्यायचा, कितीही आवडता असला तरी.

"उद्या नोकरी न मिळालेला एखादा समोर येऊन उभा राहिला," ताई म्हणतात, "आणि म्हणाला, माझं उत्तर चूक का? तर मला त्याच्या डोळ्यांत बघून सांगता आलं पाहिजे."

आणखी एक चाचणी त्यांच्या घरात होते. नवरा शाळेची बस चालवतो. ताई त्याला प्रसंग न सांगता नुसते पर्याय वाचून दाखवतात. तो डोळे मिटून ऐकतो आणि म्हणतो, "सगळ्यात लांबलचक आहे ते बरोबर." ते खरंच बरोबर असलं, की ताई कागद फाडतात. नवऱ्याला त्याचा कोण अभिमान. "आज तुझे दोन पाडले," असं तो शेजाऱ्यांसमोर सांगतो.

लिफ्टच्या कंपनीचं काम त्यांच्याकडे आलं, तेव्हा त्या खूश होत्या.

ही कंपनी शहरभरातल्या लिफ्ट सांभाळते. लिफ्ट अडकली, की आतल्या माणसाने घंटेचं बटण दाबायचं. आवाज थेट कंपनीच्या नियंत्रण कक्षात येतो. तिथे कानाला हेडफोन लावून बसलेला माणूस तंत्रज्ञ पाठवतो, आणि तो पोचेपर्यंत आतल्या माणसाला धीर देतो. अशा जागांसाठी नवी माणसं घ्यायची होती.

कक्षात सहा टेबलं. समोर पडद्यावर शहराचा नकाशा, त्यावर तंत्रज्ञांचे हिरवे ठिपके. भिंतींना जाड फोम, म्हणून आत शिरलं की कानात कापूस घातल्यासारखं होतं. ताई तिथे आठवडाभर खुर्ची टाकून बसल्या आणि थक्क झाल्या. इथे कुणाला कुणी दिसत नाही. अडकलेला माणूस म्हणजे फक्त आवाज. त्या आवाजावर भिस्त ठेवून ही माणसं दिवसभर निर्णय घेतात, आणि संध्याकाळी डबा उचलून घरी जातात.

त्यांच्यात सगळ्यात जुना तो मुका. फोनवर बोलायचं काम आणि नाव मुका, ही कक्षातली आवडती थट्टा. बोलायचा अगदी कमी. पण कंपनीच्या दारातून आत आलं, की भिंतीवर पहिला फोटो त्याचाच होता. बाजूला एक म्हातारे गायनशिक्षक, त्यांचा हात मुक्याच्या खांद्यावर.

त्या फोटोची गोष्ट कंपनीत सगळ्यांना पाठ होती. एकदा एका इमारतीत आई आणि लहान मूल अडकलं. मूल किंचाळत होतं. तंत्रज्ञ जवळजवळ दारात पोचला होता. तेवढ्यात शेजारच्या वस्तीतून दुसरा फोन आला. एकटेच गायनशिक्षक अडकलेले. म्हणाले, ठीक आहे, घाई नाही. मुक्याने तंत्रज्ञाला तिथूनच वळवलं आणि गायनशिक्षकांकडे पाठवलं. सोबत रुग्णवाहिका बोलावली. आई आणि मुलासाठी लांबचा तंत्रज्ञ धाडला. दार उघडलं तेव्हा शिक्षक भिंतीला टेकून बसले होते आणि त्यांना बोलता येत नव्हतं. रक्तातली साखर उतरली होती. आणखी थोडा वेळ गेला असता तर सगळं संपलं असतं. आई आणि मूल उशिरा बाहेर पडलं, चिडलं, पण सुखरूप होतं.

ताईंनी मुक्याला विचारलं होतं, "तुम्ही तंत्रज्ञ का वळवलात?"

"वाटलं," मुका म्हणाला.

आजूबाजूच्या टेबलांवरून टाळ्या पडल्या. कुणीतरी म्हणालं, "याला म्हणतात अनुभव!" ताईही हसल्या आणि त्यांनी पान उलटलं.

मग त्यांनी तो प्रसंग लिहिला. नियमाप्रमाणे ओळख पुसली. आईचे वडील केले, मुलाची मुलगी केली, गायनशिक्षकांच्या जागी एक बाई घातल्या. रुग्णवाहिका केव्हा बोलवायची हे प्रशिक्षणात शिकवतात, म्हणून ती गाळली. नवख्याला जे माहीत असण्याची अपेक्षा नाही, ते त्याला विचारायचं नाही. आणि शेवट काय झाला हे अर्थातच लिहिलं नाही, कारण निर्णय घेताना शेवट कुणालाच ठाऊक नसतो. उरलं ते असं:

"लिफ्टमध्ये वडील आणि लहान मुलगी अडकलेत. मुलगी रडतेय. तंत्रज्ञ पोचत आलाय. तेवढ्यात जवळच्या इमारतीतून एका बाईंचा फोन येतो. त्या एकट्या आहेत. शांतपणे म्हणतात, ठीक आहे, घाई नाही."

पहिला पर्याय: तंत्रज्ञाला पुढे जाऊ द्यायचं, बाईंना किती वेळ लागेल ते खरंखरं सांगायचं आणि पुन्हापुन्हा बोलत राहायचं. दुसरा: तंत्रज्ञाला बाईंकडे वळवायचं आणि मुलीकडे लांबचा पाठवायचा. तिसरा: दोघांनाही विचारायचं आणि ते म्हणतील तसं करायचं. चौथा: बाई घाबरू नयेत म्हणून 'आलाच' एवढंच सांगायचं.

नवऱ्याने डोळे मिटून ऐकलं आणि पहिला निवडला. सगळ्यात लांब तोच होता. ताईंनी तो छाटला, बाकीचे थोडे वाढवले आणि प्रश्न परीक्षकांकडे गेला. परीक्षक म्हणजे त्याच कक्षातली जुनी माणसं. मुकाही त्यांच्यात होता.

कागद परत आले तेव्हा ताई टेबलाशी सुन्न बसून राहिल्या. खाली हवेचं मशीन सुरू झालं, बंद झालं. दुसऱ्या पर्यायाला, भिंतीवर फोटो लावलेल्या त्या कामगिरीला, जवळजवळ सगळ्यांनी एक गुण दिला होता. विखुरलेलं काहीच नव्हतं. इतकी एकवाक्यता ताईंनी क्वचितच पाहिली होती.

कागदांवर नावं नसतात, क्रमांक असतात. कोणता क्रमांक कुणाचा, हे फक्त ताईंना माहीत असतं. त्यांनी मुक्याचा कागद काढला.

एक.

मालकीणबाईंनी निकाल वाचला आणि ताईंना बोलावून घेतलं. नवऱ्यामागे कंपनी उभी ठेवलेली बाई. आवाज खणखणीत. खोलीच्या काचेतून समोरच तो फोटो दिसायचा.

"हे काय आहे, ताई?"

"परीक्षकांचे गुण."

"माणसांचा वेष पालटलात तरी मी ओळखते. ही आमच्या मुक्याची गोष्ट आहे. तिला एक?"

"हो."

"कुणी दिला? नावं सांगा."

"ते नाही सांगणार. तसा शब्द दिलाय."

"अहो, माझीच माणसं आहेत!"

"म्हणूनच."

मालकीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे बघा. पुढच्या महिन्यापासून नव्या पोरांना शिकवायला मी त्याला बसवणार होते. पगार वाढणार, दिवसरात्रीच्या पाळ्या सुटणार. किती वर्षं वाट बघतोय तो. आता त्याचेच सोबती म्हणतायत की त्याने केलं ते चूक. मग तो पोरांना शिकवणार काय? नशीब?"

ताईंनी निकालाचे कागद नीट रचले.

"तुम्ही असं करा," मालकीणबाई म्हणाल्या, "त्या एकाचे पाच करा. मिटलं."

"आणि कुणी विचारलं, पाच का? तर काय सांगू? तुमच्या भिंतीवर फोटो आहे म्हणून?"

"मग प्रश्नच काढून टाका."

"तो काढता येईल. पण त्याने तुमची शंका जाईल का?"

मालकीणबाईंनी काचेतून बाहेर पाहिलं. शंका जाणार नव्हती. आधी नव्हती, आता होती. दारातल्या फोटोकडे त्या यापुढे रोज जरा वेगळ्या नजरेने बघणार होत्या. त्यांनी दार उघडून हाक मारली, "मुक्याला पाठवा रे!"

ताईंनी पिशवी जवळ ओढली. ज्याच्याबद्दल शब्द दिला होता, तो मुक्याचा कागद तिच्यातच होता.

मुका आला आणि दाराशीच उभा राहिला. मालकीणबाईंनी प्रश्न त्याच्या हातात दिला. "वाच. दुसऱ्या पर्यायाबद्दल काय म्हणणं आहे तुझं?"

त्याने वाचलं. "हा? हा येऊन गेला की. याला मी एक दिलाय."

ताईंनी जपलेलं गुपित त्याने हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं सांगून टाकलं होतं.

"डोकं फिरलंय का तुझं?" मालकीणबाई म्हणाल्या. "अरे, हा तुझाच प्रसंग आहे!"

मुक्याने पुन्हा वाचलं. या वेळी सावकाश, ओळीवर बोट ठेवून. मग मान हलवली.

"नाही, माझा नाही."

"तुझाच आहे. फक्त माणसं बदललीत. दोन फोन, एक तंत्रज्ञ."

"दोन फोन आणि एक तंत्रज्ञ तर आमच्याकडे रोज असतात, बाई." त्याने कागद टेबलावर ठेवला. "माझा नाही हा. यातल्या बाई ठीक आहेत."

ताईंनी वर पाहिलं. "म्हणजे?"

"म्हणजे त्या ठीक आहेत. इथे लिहिलंय ना. मग रडणाऱ्या पोरीला सोडून तिकडे का जायचं?"

"आणि गायनशिक्षक? तेही तेच म्हणाले होते. अक्षर न् अक्षर तेच."

"म्हणाले तेच," मुका म्हणाला. "पण ते ठीक नव्हते."

कंपनी फोन जपून ठेवते. त्या फोनचा कागदावर उतरवलेला मजकूर ताईंनी वाचला होता, त्यावरूनच प्रश्न लिहिला होता. आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता. त्या दुपारी तिघं कक्षातल्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसली. मुक्याने एक हेडफोन स्वतः लावला, दुसरा ताईंच्या कानांवर चढवला आणि बटण दाबलं.

मुक्याचा आवाज आला. "काका, आत बरं वाटतंय ना?" लगेच उत्तर, भारदस्त, गाणाऱ्या माणसाचा स्वर. "ठीक आहे, घाई नाही."

मग दुसऱ्या फोनवरची गडबड. मग पुन्हा मुका. "काका, अजून थोडा वेळ लागेल. बरं आहे ना?"

काही नाही. मग, "ठीक आहे. घाई नाही."

पुन्हा विचारणं. या वेळी ती रिकामी जागा इतकी लांबली, की ताईंना वाटलं यंत्र बंद पडलं. त्यांनी मुक्याकडे पाहिलं. त्याने बोट वर केलं, थांबा. आणि त्या शांततेच्या पार पलीकडून, जणू विहिरीच्या तळातून, तेच शब्द आले. तोच सभ्य स्वर. ठीक आहे. घाई नाही.

माणूस बुडत होता आणि बुडताना शिष्टाचार पाळत होता. आणि वरती, शहराच्या दुसऱ्या टोकाला, हा कमी बोलणारा माणूस ते शब्द ऐकतच नव्हता. तो शब्दांच्या आधीची जागा ऐकत होता.

त्यांनी हेडफोन काढला. समोर तो उतरवलेला मजकूर होता. त्यात तीन ओळी होत्या, एकाखाली एक, तिन्ही सारख्या. कागदावर शांतता उमटत नाही.

चूक कुठे झाली, ते त्यांना तेव्हा कळलं. 'वाटलं' या शब्दावर त्या कधी थांबत नसत. काय ऐकलंत? काय दिसलं? कशावरून वाटलं? हे विचारणं म्हणजेच तर त्यांचं काम. त्या दिवशी टाळ्या पडल्या आणि त्यांनी पान उलटलं. पुढे ओळख पुसताना त्यांनी सगळं जपलं होतं, फक्त ज्याच्यावर निर्णय उभा होता तेवढंच गळलं होतं.

"तुम्ही मला हे तेव्हा का नाही सांगितलंत?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही विचारलं, का वळवलं. मी सांगितलं." मुका जरा गोंधळला होता. "ते उशिरा बोलत होते हे मला आत्ता तुमच्यासोबत ऐकताना कळतंय. तेव्हा नुसतं वाटलं होतं."

मालकीणबाईंनी हेडफोन मागून घेतला. ऐकून झाल्यावर त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

ताईंनी नवा प्रश्न लिहायला घेतला, तो एका वाक्यासाठी. 'आवाज क्षीण होत चाललाय', त्यांनी लिहिलं आणि खोडलं. त्यात उत्तरच सांगितल्यासारखं होत होतं. 'आजारी वाटतात', खोडलं. ते वाटणं उमेदवाराचं असायला हवं, लिहिणाऱ्याचं नाही. साखरेचा उल्लेख तर नकोच, तो डॉक्टरांचा विषय. शेवटी राहिलं ते असं: "पहिल्यांदा विचारल्यावर उत्तर लगेच आलं, त्यानंतर प्रत्येक उत्तर आधीच्यापेक्षा उशिरा येतंय, शब्द मात्र तेच आहेत." बाकी प्रसंग तोच. चारही पर्याय जसेच्या तसे.

या वेळी परीक्षक दुसऱ्या शहरातल्या कक्षातले घेतले. इथल्यांनी आता गोष्ट ओळखली होती, मुक्याने तर पूर्णच. ओळखीच्या गोष्टीला दिलेले गुण त्या गोष्टीचे असतात, प्रश्नाचे नसतात. त्या दुसऱ्या माणसांना जुना प्रश्नही दिला. निम्म्यांना जुना, निम्म्यांना नवा, कुणालाही दोन्ही नाहीत. दोन्ही शेजारी शेजारी ठेवले असते, तर फरक कुठे आहे ते लगेच दिसलं असतं.

पाकीट आलं तेव्हा ताईंनी ते लगेच फोडलं नाही. आधी टेबल आवरलं. पाणी प्यायल्या. मग कागद दोन गठ्ठ्यांत मांडले.

जुन्या प्रश्नावर, तंत्रज्ञाला वळवणाऱ्या पर्यायाला एक, एक, दोन, एक. नव्यावर पाच, पाच, चार, पाच. ज्यांनी मुक्याचं नावही ऐकलं नव्हतं, ज्यांनी एकमेकांशी एक शब्द काढला नव्हता, अशा माणसांचे गुण एका वाक्याच्या धक्क्याने एका टोकावरून दुसऱ्या टोकाला गेले होते. आणि प्रत्येक गठ्ठ्यातले सगळे एकाच जागी जाऊन उभे राहिले होते.

ताई कितीतरी वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिल्या. हिशेबनीस म्हणाला, "ताई, देवदर्शन झाल्यासारखा चेहरा झालाय तुमचा."

"झालंच आहे," त्या म्हणाल्या.

मालकीणबाईंनी दोन्ही गठ्ठे स्वतः चाळले. "म्हणजे माझ्या लोकांनी एक दिला तोही बरोबर, आणि याने केलं तेही बरोबर?"

"हो. दोन वेगळे प्रसंग आहेत."

"मग तो शिकवायला बसणार," त्या म्हणाल्या. थोडं थांबून पुढे म्हणाल्या, "पण त्याला सांगा, 'वाटलं' म्हणायचं नाही. पोरं विचारतील. त्याला बोलावं लागेल."

मुक्याला निरोप मिळाला तेव्हा तो म्हणाला, "हे अवघड आहे." कक्षातल्या सगळ्यांना एवढं हसू आलं, की दोन फोन वाजत राहिले.

नवा प्रश्न परीक्षेत जायच्या आधी घरची चाचणी राहिली होती. नवरा शाळेच्या फेऱ्या संपवून आला होता, पाय पसरून बसला होता. ताईंनी नुसते पर्याय वाचले. त्याने डोळे मिटले. "सगळे सारख्याच लांबीचे केलेस. ही फसवणूक आहे."

"निवडा."

त्याने तिसरा निवडला. चुकला. ताईंना बरं वाटलं. मग त्यांनी प्रसंग वाचला, पूर्ण, त्या वाक्यासकट. वाचताना त्या स्वतःही नकळत थांबल्या.

नवऱ्याने डोळे उघडले. पाय जवळ घेतले.

"वळव त्याला," तो म्हणाला. "लगेच वळव."

"का?"

"का म्हणजे? बसमध्ये पोरं दंगा करतात तोवर मी आरशातही बघत नाही. पण मागच्या सीटवरचं एखादं पोर वेगळं गप्प झालं ना, की मी गाडी बाजूला घेतो. दरवेळी काहीतरी झालेलं असतं."

"वेगळं गप्प म्हणजे? कशावरून कळतं?"

त्याने खांदे उडवले. "तसं सांगता नाही येत. वाटतं."

ताईंनी कोरा कागद ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि त्याच्या समोर येऊन बसल्या.

"चहा नंतर," त्या म्हणाल्या. "आधी नीट सांगा. तेव्हा काय ऐकू येत होतं?"